‘चहा चालतो का?’ हा प्रश्न तुमच्या पानावर कुठे आहे?

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातले दवाखाने, छोटी रुग्णालयं आणि रक्ततपासणीच्या लॅब चालवणारे डॉक्टर व त्यांचे व्यवस्थापक यांस

विषय : संकेतस्थळावरचं ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ हे पान

स. न. वि. वि.

तुमच्या संकेतस्थळावर या नावाचं एक पान बहुधा असतंच. ते असतं, कारण संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या साच्यात ती जागा आधीपासून रिकामी असते आणि रिकामी जागा बरी दिसत नाही. मग त्यात ‘आमचा दवाखाना का निवडावा?’, ‘आपल्याकडे अनुभवी तज्ज्ञ उपलब्ध आहेत का?’, ‘आपण कोणकोणत्या सेवा पुरवता?’ असे प्रश्न येतात. हे प्रश्न आजवर कोणत्याही पेशंटने काउंटरवर विचारलेले नाहीत. दवाखान्याने ते स्वतःलाच विचारले आणि स्वतःच त्यांची उत्तरं दिली.

काउंटरवरच्या फोनवर जे येतं ते वेगळंच असतं. ‘उद्या शुगर तपासायची हाय, चहा घेऊन आलं तर चालतंय काय?’ ‘डॉक्टर आज हाईत काय?’ ‘नंबर फोनवर लागतोय का तिथं येऊनच लावायचा?’ ‘रिपोर्ट दाखवायला परत फी पडती काय?’ हे खरे नेहमी विचारले जाणारे प्रश्न. त्यातले तीन-चार तर दिवसभरात इतक्या वेळा येतात की काउंटरवरच्या ताई समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देतात. तेच उत्तर पानावर मात्र नसतं.

पानावरच्या सगळ्याच विषयांबद्दल लिहायला गेलो तर पत्र फार लांबेल. म्हणून उपाशीपोटी शुगर तपासण्याचा एकच गठ्ठा घेतो, कारण यातलं उत्तर चुकलं तर नुसता गैरसमज होत नाही, पेशंटची अख्खी खेप वाया जाते. राधानगरीहून किंवा गगनबावड्याहून पहाटेची एस.टी. धरून आलेला माणूस स्टँडवर अर्धा कप चहा घेतो, काउंटरवर खरं बोलतो आणि परत पाठवला जातो. खोटं बोलला तर त्याहून वाईट, कारण मग रिपोर्टच चुकीचा येतो.

या तपासणीबद्दल बऱ्याच पानांवर असतो तो मजकूर साधारण असा :

‘रक्तशर्करा तपासणीपूर्वी कोणती पूर्वतयारी आवश्यक आहे? — रक्तशर्करा तपासणी ही मधुमेहाच्या निदानासाठी अत्यंत महत्त्वाची तपासणी असून आमच्या अत्याधुनिक प्रयोगशाळेत ती अनुभवी तंत्रज्ञांमार्फत केली जाते. सदर तपासणीसाठी रुग्णाने किमान आठ तासांचा उपवास करणे आवश्यक आहे. अधिक माहितीसाठी कृपया आमच्याशी संपर्क साधावा.’

यात वैद्यकीय चूक शोधू म्हटलं तर सापडत नाही. किमान आठ तास ही गोष्ट बरोबरच आहे. तरीही हे उत्तर वाचून माणूस फोन करणारच, आणि शेवटचं वाक्य तर त्याला तसं करायलाच सांगतं. पहिलं वाक्य वाचणाऱ्यासाठी नाही, दवाखान्यासाठी आहे. शुगर तपासायला निघालेल्या माणसाला ती तपासणी महत्त्वाची आहे हे सांगण्यात काही अर्थ नाही.

पण खरी गोम ‘उपवास’ या शब्दात आहे. आपल्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, केळी, वरी, आणि चहा तर हमखास. इंग्रजी कागदावरच्या शब्दाला कुणीतरी कोशातला शब्द लावला आणि घरातल्या आजींनी तो त्यांच्या अर्थाने पाळला, यात आजींची काही चूक नाही. ‘उपाशी’ हा शब्द त्यापेक्षा बरा, पण तोही पुरा पडत नाही. उपाशी म्हणजे काही खाल्लेलं नाही. पिण्याचं काय, ते त्यात येत नाही. ‘मी काही खाल्लं नाही, फक्त चहा प्यालोय’ हे वाक्य लॅबमधल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. शिवाय सकाळी मिश्री लावणाऱ्या बाईला किंवा तंबाखूची चिमूट तोंडात टाकणाऱ्या माणसाला आपण काही ‘खाल्लं’ असं वाटतच नाही. दुसऱ्या टोकाला, ‘काहीही नको’ असं ऐकून पाण्याचा थेंबही न घेणारे असतात. त्यांना उगाच त्रास होतो आणि शीर सापडायलाही वेळ लागतो. साधं पाणी चालतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणजे ‘पूर्वतयारी’ या एका प्रश्नाच्या पोटात लोकांचे पाच वेगळे प्रश्न आहेत. ते आपण घरी बसून ओळखू असं वाटतं, पण ओळखता येत नाहीत. त्यासाठी वही लागते.

काउंटरवर फोनशेजारी एक शंभर पानी वही ठेवा. दोन आठवडे, म्हणजे कामाचे बारा दिवस, जो प्रश्न येईल तो विचारणाऱ्याच्या शब्दांत एका ओळीत लिहायचा. फोनवरचा, व्हॉट्सॲपवरचा आणि काउंटरसमोर उभं राहून विचारलेलाही. तोच प्रश्न पुन्हा आला की पुढे एक रेघ. इथे एकच गोष्ट बिघडते, पण ती हमखास बिघडते : लिहिणारी व्यक्ती प्रश्न ‘नीट’ करून लिहिते. ‘जेवणानंतरचं रक्त द्यायला घरी जाऊन आलं तर चालेल का?’ असं कुणी विचारलं की वहीत ‘पीपीबद्दल चौकशी’ एवढंच उतरतं, आणि जे हवं होतं तेच गळून जातं. पहिल्या दोन दिवसांत वही उघडून पाहा. ‘बद्दल’, ‘विषयी’, ‘संदर्भात’ असे शब्द दिसले, तर ताईंना सांगा की जसं कानावर पडलं तसंच लिहा, शुद्धलेखन आपण नंतर बघू.

बारा दिवसांनी या ओळी एका कागदावर उतरवून काढा आणि उत्तरानुसार गठ्ठे करा. प्रश्नाच्या विषयानुसार नको. हा फरक महत्त्वाचा आहे. ‘कोरा चहा चालतो का?’ आणि ‘बिनसाखरेची कॉफी चालते का?’ यांचं उत्तर एकच आहे, म्हणून तो एक प्रश्न. ‘शुगरला उपाशी यायचं का?’ आणि ‘तीन महिन्यांच्या शुगरला उपाशी यायचं का?’ हे ऐकायला सारखे वाटतात, पण उत्तरं उलटी आहेत, म्हणून ते दोन प्रश्न. ते एकाच उत्तरात कोंबले की ‘मात्र’, ‘तथापि’, ‘वगळता’ सुरू होतं आणि वाचणारा नेमका आपल्या उपयोगाचा अर्धा भाग चुकवतो. प्रश्नात ‘आणि’ आला की तिथे बहुतेक वेळा दोन प्रश्न असतात, ही सोपी खूण.

वरच्या मजकुराचं असं केल्यावर काय निघतं ते पाहा.

शुगर तपासायला येताना सकाळी चहा घेतला तर चालतो का?
नाही. कोरा किंवा बिनसाखरेचाही नको. साधं पाणी हवं तेवढं प्या. रक्त देईपर्यंत तंबाखू, मिश्री, सिगारेटही नको.

आदल्या रात्री किती वाजता जेवायचं?
सकाळी 8 ला येणार असाल तर रात्री 8 ते 10 च्या दरम्यान जेवा. पोट किमान 8 तास रिकामं हवं, पण 12 तासांपेक्षा जास्त वेळ उपाशी राहू नका.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन यायचं का?
नाही, सोबत आणा. रक्त दिल्यावर नाश्ता करताना नेहमीसारखं घ्या. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. थरथर सुटली, घाम फुटला तर तपासणीसाठी थांबू नका. लगेच साखर खा आणि आम्हाला फोन करा.

जेवणानंतरचं रक्त कधी द्यायचं?
पहिला घास घेतल्यापासून 2 तासांनी. रोजचंच जेवण घ्या. मधल्या वेळात पाण्याशिवाय काही नको.

तीन महिन्यांच्या शुगरला उपाशी यावं लागतं का?
नाही. ही तपासणी दिवसभरात कधीही होते, जेवून आलात तरी चालतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिचं नाव एचबीएवनसी असं असतं.

जुना एक प्रश्न जाऊन पाच आले, तरी वाचायचं काम कमी झालं, कारण प्रत्येकजण आपल्याला हवी तेवढीच ओळ वाचतो. एक गोष्ट लक्षात घ्या : उत्तराचा पहिला शब्दच उत्तर आहे. ‘नाही’, ‘हो’, किंवा एखादी वेळ. त्यापुढे लागलीच अपवाद, आणि मग थांबायचं. लांबीचं माप म्हणून चाळीस शब्द धरा. साध्या फोनच्या पडद्यावर तेवढं न सरकवता दिसतं. गोळीचं उत्तर तेवढं लांबू द्या, कारण ते तोडलं तर धोका आहे. मोठं उत्तर कापताना शेवटून कापत जायचं नाही. आधी दवाखान्याचं कौतुक, मग कारणं, मग ‘कृपया’, ‘सदर’, ‘आवश्यक आहे’. या क्रमाने काढत गेलात की सूचना शाबूत राहते. कारण फक्त तिथेच ठेवा जिथे ते दिलं नाही तर माणूस सूचना पाळणार नाही.

जेवणाची वेळ घड्याळात का लिहिली, तेही सांगतो. ‘किमान आठ तास’ म्हटलं की लोक जास्तीत जास्त उपाशी राहणं म्हणजे अधिक चांगलं असं समजतात. भुदरगडच्या वाडीवर संध्याकाळी साडेसातला जेवणारा माणूस एस.टी.ने साडेदहाला लॅबमध्ये पोचतो, तोवर पंधरा तास झालेले असतात. फार लांबलेल्या उपाशीपणानेही आकडे बदलू शकतात, आणि गोळ्या चालू असलेल्याची शुगर वाटेतच उतरू शकते. तासांचा हिशेब त्याच्यावर सोडण्यापेक्षा तो आपणच करून द्यावा. तुमची लॅब सात वाजता उघडत असेल तर वेळा त्याप्रमाणे बदला.

‘पहिला घास’ हेही असंच मुद्दाम लिहिलंय. ‘जेवणानंतर दोन तासांनी’ असं लिहिलं की कुणी हात धुतल्यापासून मोजतो, कुणी घरातून निघाल्यापासून. जेवायला पाऊण तास लावणाऱ्याचं रक्त मग पावणेतीन तासांनी घेतलं जातं. आणि त्या दोन तासांत बाहेर पडलेला माणूस महाद्वार रोडवर खरेदी करताना चहा-बिस्कीट घेणारच, त्याला आधीच सांगितलेलं नसेल तर.

गोळीच्या उत्तराबद्दल एक इशारा. वर लिहिलंय तो नमुना आहे. हे उत्तर मजकूर लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही. डॉक्टरांनी ते स्वतः वाचावं, हवं तसं बदलावं आणि कागदावर सही करून द्यावं. थायरॉइडच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांचे प्रश्नही वहीत येतील; प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे आणि काहींचं पानावर देताच येत नाही. अशा वेळी ‘ही गोळी चालू असेल तर येण्याआधी फोन करा, वेळ 10 ते 1’ हेच पूर्ण उत्तर असतं. ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधा’ यात आणि यात फरक असा की इथे कुणी, का आणि किती वाजता फोन करायचा ते सांगितलेलं आहे.

आता भाषेचं. पानावरचे बरेच प्रश्न इंग्रजीतून उतरवलेले असतात आणि ते लगेच ओळखू येतात, कारण ते ‘मी’ने सुरू होतात. ‘मी माझी अपॉइंटमेंट कशी रद्द करू शकतो?’ ‘मला माझ्यासोबत कोणती कागदपत्रे आणण्याची आवश्यकता आहे?’ ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाच्या लेखन-नियमांत असली प्रश्नोत्तरं लिहूच नका असं स्पष्ट म्हटलंय. त्याचं एक कारण असं की प्रश्नाच्या रूपात लिहिलं की कामाचा शब्द मागे पडतो आणि नजर टाकून काही सापडत नाही. इंग्रजीत ते खरं आहे, तिथे प्रश्नशब्द आधी येतो. मराठीत तो बहुधा शेवटी येतो! ‘कागदपत्रं कोणती आणायची?’ ‘नंबर फोनवर लागतो का?’ ‘फी किती?’ इथे कामाचा शब्द आपसूक पहिला येतो. ही सोय आपण भाषांतर करून घालवतो. प्रश्नांची यादी वरून खाली नुसती चाळा आणि प्रत्येकाचा पहिला शब्दच वाचा. चहा, गोळी, फी, रिपोर्ट, कार्ड असं दिसलं तर यादी जमली. मी, मी, मला, माझे असं दिसलं तर पुन्हा लिहा.

मग बोलीतच लिहायचं का? आमचं मत, नाही. ‘चालतंय काय’, ‘हाईत काय’ असं पानावर उतरवलं की ते थट्टा केल्यासारखं दिसतं, आणि निपाणी, सावंतवाडीहून येणाऱ्यालाही ते वाचायचं असतं. शब्द लोकांचे ठेवायचे, उच्चार नाही. शुगर हा शब्द शुगरच राहू द्या, रक्तशर्करा करू नका. नंबर म्हणजे नंबर, पूर्वनोंदणी नव्हे. चिठ्ठीवर छापलेलं नाव उत्तरात एकदा येऊ द्या, म्हणजे चिठ्ठी हातात धरून बघणाऱ्यालाही जुळवता येईल.

फीचा प्रश्न वहीत बहुधा पहिल्या तिघांत येईल आणि पानावर तो बहुधा नसेल. ‘फी प्रकरणानुसार बदलते’ हे उत्तर नाही. तपासून घेण्याची फी किती, रिपोर्ट दाखवायला परत पडते का आणि किती दिवसांच्या आत पडत नाही, हे तीन आकडे लिहिता येतात. नोंदणीकृत रुग्णालयांना तर 2021 पासून राज्याच्या शुश्रूषागृह नियमांनुसार दरपत्रक दर्शनी भागात लावावंच लागतं. भिंतीवर जे लागलंय ते पानावर लपवण्यात काही हशील नाही. ‘फोनपे चालतं का?’ हेही त्यातच घ्या, लोक विचारतात.

‘कार्ड चालतं का?’ म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड. या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेल तर अनेक दवाखाने तो प्रश्नच गाळतात. गाळू नका. कार्ड घेऊन कागलहून आलेल्या माणसाला काउंटरवर ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ते घरीच कळलेलं बरं. ‘नाही. आमचा दवाखाना महात्मा फुले योजनेत अंगीकृत नाही. योजनेतली रुग्णालयं 155388 या क्रमांकावर विचारा.’ एवढं पुरे.

रिपोर्टबद्दल मात्र लोक ‘किती वेळ लागतो’ एवढंच विचारत नाहीत, ते बारकाईने ऐका. गावाकडच्या माणसाचा खरा प्रश्न ‘शेवटच्या एस.टी.च्या आत रिपोर्ट हातात पडेल का?’ असा असतो. ‘24 तासांत’ हे उत्तर त्याच्या काहीच कामाचं नाही. ‘सकाळी 10 च्या आत रक्त दिलं तर संध्याकाळी 5 ला मिळतो. थांबायला नको असेल तर व्हॉट्सॲपवर पाठवतो, डॉक्टर फोनवर सांगत नाहीत.’ यातला शेवटचा तुकडा महत्त्वाचा. तो लिहिला नाही तर संध्याकाळी पाचपासून ‘रिपोर्ट नॉर्मल हाय न्हवं?’ हे फोन सुरू होतात.

मजकूर झाला की तो पानावर चढवताना तीन ठिकाणी माती होते.

पहिलं म्हणजे फॉन्ट. छापखान्यातला डीटीपी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. तो उचलून संकेतस्थळावर चिकटवला की भलतीच चिन्हं उमटतात. मग कंटाळून त्याचं चित्र करून टाकतात. चित्रातला मजकूर फोनवर बारीक दिसतो, शोधला तर सापडत नाही, कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवता येत नाही, आणि एक वेळ बदलायची तरी परत छापखान्यात जावं लागतं. मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. फोनवरच्या मराठी कीबोर्डने केलात तरी तो युनिकोडच असतो.

दुसरं म्हणजे त्या उघड-मीट होणाऱ्या घड्या, जिथे प्रश्नावर बोट ठेवलं की उत्तर खुलतं. लांबलचक उत्तरं झाकायला त्या निघाल्या. उत्तर दोन ओळींचं असेल तर झाकायचं कशाला? साठीतल्या माणसाला त्या बारीक अधिकच्या खुणेवर बोट ठेवायचं असतं हे कळत नाही, आणि उत्तर दिलेलंच नाही असा त्याचा समज होतो. उघडंच ठेवा. आणि प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा पत्ता द्या, म्हणजे काउंटरवरच्या ताईंना नेमकं तेच उत्तर पाठवता येईल :

```html
<h3 id="chaha">शुगर तपासायला येताना सकाळी चहा घेतला तर चालतो का?</h3>
<p>नाही. कोरा किंवा बिनसाखरेचाही नको. साधं पाणी हवं तेवढं प्या.</p>
```

पानाच्या पत्त्यापुढे `#chaha` लावलं की फोन थेट त्या उत्तरावर उघडतो. हे नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरीत ठेवलं तर पत्ता कॉपी करताना त्याची टक्क्यांच्या चिन्हांची लांब माळ होते आणि लोकांना ती लिंक फसवी वाटते.

तिसरं, प्रश्नोत्तरांचा खास कोड घातला की गूगलच्या निकालात तुमचे प्रश्न ठळक दिसतील म्हणून कुणी वेगळे पैसे मागत असेल, तर थांबा. ऑगस्ट 2023 मध्येच गूगलने ती सोय नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरती मर्यादित केली. राजारामपुरीतल्या एका दवाखान्याला त्याचा फायदा होईल असं धरून चालू नका.

पान चढवायच्या आधी एक तपासणी करा, तिला पाच मिनिटंही लागत नाहीत. काउंटरवरच्या ताईंना उत्तरं मोठ्याने वाचायला सांगा, फोनवर बोलतात तशी. वाचताना त्या जिथे शब्द बदलतील तिथे पानावरही बदला; त्यांची वाक्यं रोज घासून गुळगुळीत झालेली असतात. मग बाकावर बसलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या हातात फोन द्या आणि ‘उद्या गोळी घेऊन यायचं का, बघा बरं यात’ एवढंच सांगा. त्यांना वीस-पंचवीस सेकंदांत सापडलं नाही तर क्रम चुकलाय किंवा प्रश्नाचे शब्द चुकलेत. मदत करायचा मोह आवरा, त्यांचं बोट कुठे अडखळतं ते फक्त पाहा.

प्रश्न बारा ते पंधरा पुरेत. वहीतल्या रेघांनुसार जास्त विचारलेला वर. हंगामी प्रश्न तेवढे या क्रमाच्या बाहेरचे. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं की ‘रस्ता चालू आहे का, दवाखाना उघडा आहे का?’ हा एकच प्रश्न असतो; 2019 आणि 2021 च्या पुरात तो किती वेळा आला असेल ते काउंटरवाल्यांना विचारा. नवरात्रात अंबाबाई मंदिराच्या आसपासच्या दवाखान्यांना ‘गाडी कुठवर येते?’ हा प्रश्न येतो. हे त्या-त्या दिवसांत सगळ्यात वर टाका आणि दिवस सरले की काढा. काढणं विसरतं म्हणून चढवतानाच वहीत काढायची तारीख लिहा. ‘लॉकडाऊनमध्ये दवाखाना सुरू आहे का?’ असं अजूनही विचारणारं पान पाहिलं की खालची फीही त्याच काळातली असावी असं वाचणारा धरून चालतो, आणि फोन उचलतो.

म्हणून पानाच्या माथ्यावर ‘शेवटची दुरुस्ती’ अशी तारीख हवी आणि दुरुस्ती एकाच माणसाच्या गळ्यात हवी. हा माणूस शक्यतो काउंटरवरचाच असावा, संकेतस्थळ करून देणारा नको. फी बदलली, डॉक्टर गावाला गेले, लॅबची वेळ बदलली की सगळ्यात आधी कळतं ते काउंटरला. त्यांना पान बदलण्याचा पासवर्ड देऊन ठेवा. वैद्यकीय उत्तरं मात्र डॉक्टरांच्या सहीशिवाय बदलायची नाहीत, एवढा एक नियम.

पान चढवून महिना झाला की तीच वही पुन्हा बारा दिवस ठेवा आणि चहाच्या प्रश्नापुढच्या रेघा मोजा. तेवढ्याच असतील तर फोन करणाऱ्याला एक उलट प्रश्न विचारा : ‘आमचं पान बघितलं होतं का?’ नाही म्हणाले तर पानाची लिंक लोकांपर्यंत पोचलेली नाही. ती नंबर लावल्यावर जाणाऱ्या मेसेजमध्ये आणि तपासणीच्या चिठ्ठीच्या मागे छापा. हो म्हणाले आणि तरी विचारतायत, तर उत्तर वाचूनही त्यांची खात्री पटलेली नाही. तेव्हा त्यांनी नेमकं काय विचारलं ते तसंच्या तसं वहीत उतरवा. ‘कोरा चहा पण नको व्हय? आणि लिंबूपाणी?’ असं काहीतरी असेल, आणि मग त्या उत्तरात लिंबूपाणी हा एक शब्द वाढवायचा.

कळावे,
दवाखान्यांच्या पानांचा मजकूर लिहिणारे आणि दुरुस्त करणारे आम्ही काही जण
कोल्हापूर